दीड तासाचं बाळ आणि दुधी काचेसारखी छाती: आरडीएसच्या एका एक्स-रेचं वाचन

मुलगी, ३० आठवड्यांची, वजन १२०० ग्रॅम. आईचा रक्तदाब औषधांना दाद देईना, म्हणून कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन करावं लागलं. बाळाची फुफ्फुसं लवकर पिकावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांच्या अंतराने द्यायची असतात. इथे पहिलंच इंजेक्शन मिळालं आणि पाच तासांत बाळ बाहेर आलं. म्हणजे इंजेक्शन दिल्याची नोंद आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

बाळ रडलं, रंगही सुधारला. दहाव्या मिनिटाला मात्र प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. नाकपुड्या फुलत होत्या, छातीचं हाड आत ओढलं जात होतं, श्वास मिनिटाला ७२. नाकातून सतत दाबाने हवा देणारा सीपॅप लावला, दाब पाण्याचे ६ सेंटिमीटर. सुरुवातीला ३० टक्के ऑक्सिजन पुरत होता. दीड तासात सॅच्युरेशन ९१ टक्क्यांवर ठेवायला ४० टक्के लागू लागला. याच वेळी छातीची फिल्म मागवली. (प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे, एका विशिष्ट बाळाचं नाही.)

मागणीच्या कागदावर "श्वासाचा त्रास, छातीचा एक्स-रे" एवढंच लिहून पाठवायची पद्धत सर्रास आहे. वाचणाऱ्याला त्याने फारसं काही कळत नाही. या बाळासाठी चार गोष्टी हव्यात: गर्भाचे आठवडे, जन्मानंतरचा तास, सीपॅप किंवा व्हेंटिलेटरचा दाब, आणि त्या क्षणी लागणारा ऑक्सिजन. तासाला महत्त्व का, तर जन्मानंतर पहिल्या तासाभरात फुफ्फुसातलं पाणी पूर्ण निघालेलं नसतं, त्यामुळे थोडी धूसरता निरोगी बाळातही दिसते. उलट सहा तासांनी काढलेली चांगली फिल्म स्वच्छ असेल, तर आरडीएस, म्हणजे न पिकलेल्या फुफ्फुसांमुळे होणारा श्वासाचा आजार, जवळपास बाद होतो. दाब यासाठी, की सीपॅप फुफ्फुस फुगवतो आणि आजार असतो त्यापेक्षा सौम्य दाखवतो.

दोन मिनिटांत दोन फिल्म

पोर्टेबल मशीनवर पहिलं एक्सपोजर झालं आणि पडद्यावर दोन्ही फुफ्फुसं जवळजवळ पांढरी दिसली. हृदय रुंद, छाती आखूड. पाहणाऱ्याच्या तोंडून "व्हाइट आउट" निघणारच होतं. पण उजव्या बाजूला मागच्या बरगड्या मोजल्या तर श्वासपटलाच्या वर जेमतेम साडेपाच भरल्या. दोन्ही हंसळ्यांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर नव्हती, म्हणजे बाळ एका कुशीला वळलेलं होतं. ही उच्छ्वासातली, फिरलेली फिल्म.

अशा फिल्मवर धूसरतेचं निदान करता येत नाही. नवजाताच्या फुफ्फुसातून हवा बाहेर गेली की निरोगी फुफ्फुसही दाट दिसतं आणि हृदय आडवं पसरतं. शरीर वळलेलं असेल तर एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी दिसते, मग एका बाजूच्या न्यूमोनियाची शंका विनाकारण येते. प्लेट अजून बाळाखालीच होती, म्हणून लगेच दुसरी फिल्म घेतली.

दुसऱ्या वेळी काय बदललं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सिस्टरनी बाळाचे दोन्ही हात डोक्याच्या बाजूला आणि गुडघे सरळ धरले, डोकं मध्यावर आणलं. हनुवटी छातीवर टेकू दिली नाही, डोकं मागेही झुकू दिलं नाही. नळीचा मध्य स्तनाग्रांच्या रेषेवर, अंतर १०० सेंटिमीटर. एवढ्या बाळाला साधारण ५५ ते ६० केव्हीपी आणि १ ते १.५ एमएएसच्या आसपास पुरतं, नेमका आकडा ज्या-त्या यंत्राचा वेगळा. एक्सपोजर जितकं कमी वेळाचं तितकं बरं, कारण मिनिटाला ७२ श्वास म्हणजे एक पूर्ण श्वास सेकंदापेक्षाही कमी वेळात उरकतो.

टेक्निशियनने या वेळी छातीकडे न बघता पोटाकडे लक्ष ठेवलं. आरडीएसच्या बाळात श्वास घेताना छाती आत जाते आणि पोट वर येतं. छाती वर येण्याची वाट पाहिली, तर नेमका उच्छ्वास पकडला जातो. पहिली फिल्म अशीच हुकली होती. पोट पूर्ण वर आल्यावर बटण दाबलं.

दुसऱ्या फिल्मवर बरगड्या सात. हंसळ्या सारख्या अंतरावर. हृदय आटोपशीर. पांढरेपणा निम्म्याने ओसरलेला. तरीही दोन गोष्टी जशाच्या तशा राहिल्या: दोन्ही फुफ्फुसांत एकसारखी बारीक कणीदार धूसरता, आणि तिच्यातून फांद्यांसारख्या बाहेर जाणाऱ्या काळ्या रेषा. श्वासाबरोबर जे बदललं ते श्वासाचं होतं. जे राहिलं ते आजाराचं.

एका कारणासाठी दुसरीही फिल्म थोडी जपून वाचावी लागते. सीपॅपवर सहाचा दाब असूनही बरगड्या सातच आहेत. त्या दाबाखाली आठ ते नऊ अपेक्षित असतात. म्हणजे हवा आत ढकलली जात असूनही फुफ्फुस उघडत नाही. कमी आकारमानाची फिल्म सीपॅपशिवाय मिळाली असती, तर तिला एवढं वजन दिलं नसतं. उलटही खरं आहे: व्हेंटिलेटरवरच्या बाळात आकारमान अगदी व्यवस्थित दिसू शकतं आणि तरी तो आरडीएसच असतो. "छाती घंटेसारखी आखूड" हे लक्षण दाबाशिवायच्या बाळाचं आहे, ते प्रत्येक फिल्मवर शोधत बसू नये.

कण खरे की यंत्राचे

आता धूसरता. आरडीएसमध्ये वायुकोशांना उघडं ठेवणारं सर्फॅक्टंट कमी असल्यामुळे उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा उघडायला फार जोर लागतो. बाळाचं कण्हणंही याच कारणाने असतं: घशातली फट अर्धवट बंद ठेवून ते स्वतःच आत थोडा दाब टिकवून धरतं. लाखो मिटलेले वायुकोश आणि त्यांच्यामध्ये अजून हवा असलेल्या सूक्ष्म नलिका असं मिश्रण झालं, की फिल्मवर ते पूर्ण पांढरं न दिसता दुधी काचेसारखं दिसतं. न्हाणीघराच्या खिडकीला असते ना, तशी काच: पलीकडे काहीतरी आहे हे कळतं, पण कडा कळत नाहीत. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा तशाच पुसट होतात. जवळून पाहिलं तर ती धूसरता गुळगुळीत नसते, रव्यासारखी कणीदार असते.

या रव्यापाशीच फसगत होते. डिजिटल फिल्म एक्सपोजर कमी पडलं तरी काळी-पांढरी बिघडत नाही, संगणक तिचा उजेड आपोआप सांभाळून घेतो. फक्त चित्रावर वाळू पसरल्यासारखे ठिपके येतात. ते ठिपके फुफ्फुसावर पडले की हुबेहूब आरडीएसची कणी वाटतात. काही यंत्रांत कडा ठळक करणारी प्रक्रिया जादा लावलेली असते, तिनेही तेच होतं. ओळखायचं कसं? नजर फुफ्फुसाबाहेर न्यावी. यकृतावर, दंडाच्या मऊ भागावर, मानेवर तेच ठिपके असतील, तर ते यंत्राचे. या बाळाच्या दुसऱ्या फिल्मवर यकृत आणि दंड सपाट, एकसंध करडे होते. कणी बरगड्यांच्या आतच होती आणि श्वासपटलापाशी थांबत होती. हृदयाच्या मागचे मणके एकेक वेगळे ओळखू येत होते, म्हणजे एक्सपोजरही पुरेसं होतं.

मग वाटणी. वरचा भाग, खालचा भाग, डावं, उजवं, चारही ठिकाणी धूसरता सारखी. सर्फॅक्टंट अजून दिलेलं नाही, म्हणून सारखेपणा अपेक्षितच आहे. औषध देण्याआधीच्या फिल्मवर एकच कोपरा गडद पांढरा असेल, तर आरडीएस शब्द लिहिण्याआधी थांबावं: एखादा लोब बसला आहे का, नळी एका बाजूला गेली आहे का, न्यूमोनिया आहे का, हे आधी विचारावं.

काळ्या फांद्या कुठपर्यंत

एअर ब्रॉन्कोग्राम म्हणजे आजूबाजूचं फुफ्फुस पांढरं झाल्यामुळे दिसू लागलेली हवेने भरलेली श्वासनलिका. एरवी ती हवेतल्या हवेत असते, म्हणून दिसत नाही. तेव्हा नलिका दिसते याचा अर्थ नलिकेला काही झालंय असा नसून, तिच्या शेजाऱ्याला झालंय असा आहे.

पण "एअर ब्रॉन्कोग्राम दिसतात" एवढं लिहून भागत नाही. श्वासनळी जिथे दुभागते तिथून पुढचे एक-दोन फाटे निरोगी नवजातातही दिसतात. विशेषतः डाव्या खालच्या लोबची नलिका हृदयाच्या पांढऱ्या सावलीवरून जाते, ती पार्श्वभूमीमुळे जवळजवळ नेहमीच दिसते. तिच्यावर बोट ठेवून निदान करणं ही नवख्याची हमखास चूक. बोट दुभाजनापासून सुरू करावं आणि एकेक फाटा बाहेरच्या दिशेने नेत जावं. प्रश्न एकच: हृदयाची कड ओलांडल्यावर पुढे फाटा दिसतो का, आणि फुफ्फुसाच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात पोचतो का?

या बाळात उजवीकडे वरच्या लोबचा फाटा स्पष्ट होता. तो दोनदा फुटून काखेच्या बाजूला जात होता. खाली उजव्या हृदयकडेच्या बाहेर आणखी दोन बारीक फाटे श्वासपटलाच्या दिशेने उतरत होते. डावीकडे हृदयामागचा फाटा मोजलाच नाही. हृदयाच्या बाहेर डाव्या मध्यभागात एक फाटा मिळाला, तो मोजला.

या रेषा आणखी एका गोष्टीसारख्या दिसू शकतात: फुफ्फुसाच्या ऊतीत फुटून शिरलेली हवा, ज्याला पीआयई म्हणतात. ती व्हेंटिलेटरच्या दाबाखालच्या बाळात जास्त होते, सीपॅपवरच्या दीड तासाच्या बाळात क्वचितच. फरक आकाराचा. श्वासनलिका फुटत जाते, प्रत्येक फाट्याला बारीक होत जाते आणि विरून जाते. पीआयईच्या रेषा वेड्यावाकड्या असतात, बारीक होत नाहीत, फाटे फुटत नाहीत, आणि अध्येमध्ये छोटे बुडबुडे दिसतात. आरडीएसमधली काळी नक्षी दुसऱ्या दिवशी अचानक जास्त "छान" दिसायला लागली, तर फुफ्फुस सुधारलं म्हणून खूश होण्याआधी हा फरक तपासावा.

कडा, आणि प्रतीचा मोह

हृदयाची उजवी कड दिसत होती, पण पेन्सिलीने काढलेली रेघ पुसल्यासारखी. श्वासपटलाचे घुमट दोन्हीकडे ओळखू येत होते. प्रती लावण्याची जुनी पद्धत अशी आहे: फक्त बारीक कणी म्हणजे पहिली, हृदयाबाहेर जाणारे एअर ब्रॉन्कोग्राम आले की दुसरी, हृदय आणि श्वासपटलाच्या कडा अस्पष्ट झाल्या की तिसरी, आणि सगळं पांढरं होऊन हृदय शोधावं लागलं की चौथी. हे बाळ दुसरी आणि तिसरीच्या मध्ये.

प्रत लिहायला हरकत नाही, पण तिच्यावर औषधाचा निर्णय टांगू नये. पहिली, उच्छ्वासातली फिल्म खरी मानली असती, तर याच बाळाला चौथी प्रत मिळाली असती, दोन मिनिटांच्या अंतराने. सर्फॅक्टंट द्यायचं की नाही हे ऑक्सिजन आणि दाब सांगतात. सध्याच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सीपॅपचा दाब किमान ६ असताना ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल, तर द्यावं. हे बाळ ४० वर होतं. फिल्मचं काम वेगळं: त्रासाचं कारण हेच आहे ना, आणि औषध देण्याआधी दुसरं काही निस्तरायचं राहिलंय का, एवढं सांगणं. छातीत हवा साचली असताना सर्फॅक्टंट दिलं तर ती हवा तशीच राहते आणि मधल्या काळात बाळ बिघडतं.

म्हणून त्याच फिल्मवर नळ्या पाहिल्या. तोंडातून घातलेल्या नळीचं टोक जठरात होतं आणि सीपॅपच्या हवेने जठर फुगलेलं होतं. नळी उघडी ठेवायला सांगितलं. नाळेतली शिरेची नळी मात्र छातीच्या दहाव्या मणक्यापाशी उजवीकडे वळून यकृतात शिरली होती. ती सरळ वर जाऊन आठव्या-नवव्या मणक्यापाशी, श्वासपटलाच्या पातळीवर थांबायला हवी. यकृतात शिरलेल्या नळीतून दाट द्रव दिले तर यकृताला इजा होते. ती काढून हाताच्या शिरेत सलाइन लावलं.

एक गोष्ट फिल्मवर नव्हती पण असू शकते: इन्क्युबेटरच्या झाकणातल्या भोकाची गोल सावली. फुफ्फुसावर अगदी गोलाकार, रेखीव, नाण्यासारखी काळी जागा दिसली तर ती गळू किंवा सिस्ट समजण्याआधी झाकण कुठे होतं ते विचारावं.

अहवालात शेवटी एवढं गेलं: "जन्मानंतर दीड तास, सीपॅप ६, ऑक्सिजन ४० टक्के. समोरून, झोपलेल्या स्थितीत, श्वास आत असताना. मागच्या बरगड्या ७. दोन्ही फुफ्फुसांत एकसारखी कणीदार धूसरता, हृदयाच्या कडेबाहेर जाणारे एअर ब्रॉन्कोग्राम. हृदयाच्या कडा पुसट. छातीत मोकळी हवा किंवा पाणी नाही. आरडीएसशी सुसंगत, संसर्ग फिल्मवरून वगळता येत नाही. नाळेची नळी यकृतात."

काही ठिकाणी अजून "एचएमडी", म्हणजे हायलाइन मेम्ब्रेन डिसीज, असं लिहितात. हायलाइन मेम्ब्रेन ही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गोष्ट आहे, फिल्मवर ती दिसत नाही. सर्फॅक्टंटची कमतरता हे कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं. नाव मात्र त्यानंतरही बराच काळ चिकटून राहिलं.

"संसर्ग वगळता येत नाही" हे वाक्य का

ते बचावापुरतं लिहिलेलं नाही. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचा जन्मतःच झालेला न्यूमोनिया हुबेहूब हीच फिल्म देऊ शकतो, कणीसकट आणि फांद्यांसकट. आपल्याकडे क्लेब्सिएलासारखे जंतूही असतात. फिल्मवर झुकतं माप देणारी एकच खूण: फुफ्फुसाबाहेर पाणी. साध्या आरडीएसमध्ये ते सहसा नसतं, तेव्हा दिसलं तर संसर्गाकडे पाहावं. पण नसलं म्हणून संसर्ग नाही असं होत नाही. इथे उत्तर आईच्या बाजूने आलं: पाणी आधी फुटलेलं नव्हतं, कळा नव्हत्या, ताप नव्हता, प्रसूती आईच्या रक्तदाबामुळे. रक्ताचं कल्चर घेतलं आणि प्रतिजैविकांचा निर्णय त्या आधारावर झाला, फिल्मच्या आधारावर नाही.

पाणी साचल्यामुळे होणारा तात्पुरता त्रास, टीटीएन, हाही समोर होताच, कारण सिझेरियन कळांशिवाय झालं. त्यात मात्र फुफ्फुसं भरलेली किंवा जास्तच फुगलेली असतात, हृदयापासून बाहेर रेषा निघतात, लोबमधल्या फटीत पाण्याची बारीक रेघ दिसते आणि एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. सात बरगड्या आणि रव्यासारखी कणी त्यात बसत नाहीत. हीच फिल्म ३९ आठवड्यांच्या बाळात दिसली असती आणि सर्फॅक्टंटने फरक पडला नसता, तर विचाराची दिशाच बदलली असती. फुफ्फुसाच्या शिरा चुकीच्या जागी जोडल्या जाऊन तुंबल्या असतील तर धूसरता अशीच दिसते आणि हृदय लहान असतं. तिथे एको लागतो, आणि उशीर महाग पडतो.

सात तासांनी: अर्धी छाती काळी

दोन तास पूर्ण होताना बारीक नळीने, बाळ स्वतः सीपॅपवर श्वास घेत असताना, पोरॅक्टंट हे सर्फॅक्टंट दिलं: २०० मिलिग्रॅम प्रति किलो. मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे किलोला अडीच मिलिलिटर. १२०० ग्रॅमच्या बाळाला बरोबर ३ मिलिलिटर. अर्ध्या तासात ऑक्सिजन २५ टक्क्यांवर आला.

सातव्या तासाला तो अचानक ३८ झाला. फिल्म घेतली. उजवं फुफ्फुस काळं, डावं अजून धूसर. उजवीकडे नऊ बरगड्या, डावीकडे सात. उजव्या बाजूला बाहेरून खाली उतरणारी एक कडही दिसत होती. सर्फॅक्टंट दिल्यानंतर काही तासांत अशी फिल्म आली की न्यूमोथोरॅक्सच आठवतो, आणि आठवायलाच हवा.

झोपलेल्या नवजातात मोकळी हवा वर, म्हणजे छातीच्या पुढच्या आणि मधल्या बाजूला जमते. म्हणून फुफ्फुसाची कड शोधून ती सापडतेच असं नाही. उलट त्या बाजूची हृदयाची कड सुरीने कापल्यासारखी धारदार दिसते, अख्खी बाजू काळी होते आणि बरगडी-श्वासपटलाचा कोपरा खोल उतरतो. आणखी एक गोष्ट: आरडीएसचं फुफ्फुस ताठर असतं. भोवती हवा साचली तरी ते पूर्ण बसत नाही. मोठ्या माणसाच्या न्यूमोथोरॅक्ससारखं बसलेलं फुफ्फुस शोधत राहिलं तर हाती काही लागत नाही.

इथे काय होतं? हृदयाची उजवी कड दीड तासाच्या चांगल्या फिल्मपेक्षा स्पष्ट, पण धारदार नाही. कोपरा नेहमीच्या खोलीचा. हृदय मध्यावर. रक्तवाहिन्यांच्या बारीक सावल्या काळ्या भागातून छातीच्या कडेपर्यंत जात होत्या. आणि ती कड? ती पांढरी बारीक रेघ नव्हती, एका बाजूला करडं आणि दुसऱ्या बाजूला काळं अशी नुसती सीमा होती. तिच्याबाहेरही रक्तवाहिन्या दिसत होत्या, आणि ती खाली श्वासपटलाच्या पलीकडे पोटावर गेली होती. छातीच्या आतली कुठलीच कड पोटावर जात नाही. बाळाच्या पाठीची सैल कातडी प्लेटवर दुमडली होती, तिची ही सावली. थंड प्रकाशाच्या टॉर्चने दोन्ही बाजू पाहिल्या, उजवीकडे जास्त उजेड पसरला नाही. शंका उरलीच असती, तर बाळाला न हलवता बाजूने आडव्या किरणाची फिल्म घेता आली असती: हवा असेल तर ती छातीच्या हाडामागे दिसते.

वाचन असं ठरलं: सर्फॅक्टंट उजवीकडे जास्त गेलं. औषध द्रव असतं, ते सोप्या वाटेने जातं, आणि उजवी मुख्य नलिका जास्त सरळ आहे. बाळाला व्हेंटिलेटरची नळी असती तर आधी तिचं टोक पाहावं लागलं असतं, कारण ते उजव्या नलिकेत उतरलं असतं तर हीच फिल्म तयार होते. ऑक्सिजन वाढण्याचं कारण बाळापाशी सापडलं: सीपॅपची एक नळी नाकपुडीतून निम्मी सरकली होती आणि वाहिनीत पाणी साचलं होतं. ते काढून नळी बसवली, दाब ७ केला. तासाभरात ऑक्सिजन २८ वर आला, म्हणून दुसरा डोस, जो किलोला १०० मिलिग्रॅम असतो, दिला नाही.

अहवालात "असमान निवळणं, न्यूमोथोरॅक्स नाही, उजवीकडे कातडीची घडी" असं लिहिलं. "डाव्या बाजूला न्यूमोनिया" असं लिहिलं गेलं असतं, तर पुढचे सात दिवस बाळाच्या औषधांत दिसले असते.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी दंडातून घातलेल्या लांब नळीचं टोक पाहण्यासाठी फिल्म झाली. हात अंगाशी ठेवून घेतली, कारण हात हलला की टोकही सरकतं. ते वरच्या महाशिरेच्या शेवटाला होतं. बाळाला सीपॅप ५ वर २१ टक्केच, म्हणजे खोलीतल्या हवेएवढाच ऑक्सिजन लागत होता. दोन्हीकडे साडेआठ बरगड्या, कणी नाही, रक्तवाहिन्यांच्या कडा पुन्हा दिसू लागलेल्या. या दिवसांत धूसरता परत आली असती आणि हृदयही मोठं झालं असतं, तर तो आरडीएस उलटला असं न समजता जन्मानंतर मिटायला हवी ती डक्टस नावाची रक्तवाहिनी उघडी आहे का हे एकोने पाहायचं असतं. इथे हृदय दीड तासाच्या चांगल्या फिल्मएवढंच होतं.

हृदयाच्या मागे, डाव्या खालच्या लोबकडे जाणारा एक एअर ब्रॉन्कोग्राम मात्र अजून दिसत होता. अहवालात त्याच्यापुढे "नेहमीचा" असं लिहिलं गेलं.